बादलीतल्या पाण्याचा हिशोब

घरातल्या घरात ओल्या कचऱ्याचं खत करते असं कुणाला सांगितलं की तोंडाने "अरे वा" येतं, पण नाक जरासं आखडतंच. मग प्रश्न येतो, वास नाही येत का? आणि त्याच्या पाठोपाठ चिलटांचा. मी फार बोलत बसत नाही, बादलीचं झाकण काढून पुढे करते. जवळच्या माणसांना तर आत नाक घालायला लावते. पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास असतो, दुसरं काही नाही. १९६५ साली शास्त्रज्ञांनी या वासामागचं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला जिओस्मिन नाव दिलं. स्ट्रेप्टोमायसिससारखे मातीतले जिवाणू ते तयार करतात आणि माणसाचं नाक त्याच्या बाबतीत कमालीचं तीक्ष्ण आहे. बादलीतून हा वास यायला लागला की आतलं काम नीट चाललंय असं समजावं.

वास आणि चिलटं ही दोन वेगळी दुखणी आहेत असं बहुतेकांना वाटतं. म्हणून वासासाठी एक उपाय शोधतात आणि चिलटांसाठी दुसरा. माझं मत असं की दोन्हींचं मूळ एकच आहे, पाणी. कचरा सडतो म्हणून घाण वास येत नाही. सडणं तर आपल्याला हवंच आहे. वास येतो तो हवेशिवाय सडण्याचा, आणि छोट्या बादलीत हवा अडवणारी वस्तू एकच असते. भाज्यांच्या सालींतून, देठांतून, फळांच्या चोथ्यातून सुटलेलं पाणी.

हे जरा उलगडून सांगते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. कचरा खाणारे जिवाणू कोरड्या जागी जगत नाहीत. कचऱ्याच्या प्रत्येक तुकड्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, त्यात ते राहतात आणि तिथूनच प्राणवायू घेतात. पापुद्रा पातळ आहे आणि तुकड्यांच्या मधे मोकळी जागा आहे तोवर सगळं ठीक. पण मधल्या जागाही पाण्याने भरल्या की प्राणवायूला पाण्यातून वाट काढत जावं लागतं, आणि पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. आतले जिवाणू असलेला प्राणवायू बघता बघता संपवतात, नवा पोचत नाही. मग ज्यांना हवा लागतच नाही असे जिवाणू कारभार हातात घेतात. ते आंबट आम्लं सोडतात, आणि आणखी खाली, जिथे हवेचा मागमूस नाही, तिथे सडक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइड. झाकण कितीही घट्ट लावलं तरी यात फरक पडत नाही. उलट पडला तर वाईटच पडतो.

आता हिशोब. भाज्या-फळांच्या कचऱ्यात साधारण पंचाऐंशी टक्के पाणी असतं. म्हणजे दिवसाला अर्धा किलो कचरा निघत असेल तर त्यात सव्वाचारशे ग्रॅम पाणी आणि जेमतेम पाऊणशे ग्रॅम बाकीचा ऐवज. खताच्या बादलीला हवा असतो पन्नास ते साठ टक्के ओलावा. सुक्या पालापाचोळ्यात दहा टक्के ओल धरली, तर अर्ध्या किलो कचऱ्याचा ओलावा साठ टक्क्यांवर आणायला किती पाला लागेल? कागदावर मांडून बघा, अडीचशे ग्रॅम येतो. कचऱ्याच्या वजनाच्या निम्मा. वजन ऐकून थोडा वाटतो, पण चुरलेला पाला इतका हलका असतो की अडीचशे ग्रॅम म्हणजे दोन-तीन लिटरचं भांडं भरून. आणि बहुतेक घरांत यावर पडतो फक्त मूठभर. "मूठभर कोकोपीट टाका" ही सूचना कुणी सुरू केली कोण जाणे, पण माझ्या पाहण्यातल्या निम्म्या बादल्या तिने बुडवल्या आहेत.

प्रत्यक्षात थोडी सूट मिळते. बरंचसं पाणी वाफ होऊन जातं, काही तळाला निथळतं. शिवाय कचरा बादलीत टाकण्याआधी रात्रभर चाळणीत निथळत ठेवला किंवा कागदावर पसरून ठेवला तर त्याचं पाणी आधीच कमी होतं, आणि पाला वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका असला तरी भागतं. कलिंगडाच्या दिवसांत मात्र भागत नाही. त्याच्या साली वाळवून तरी घ्याव्यात किंवा पाला दुप्पट करावा.

सुकं म्हणून काय वापरायचं, यात एक बारकावा आहे. सुक्याला दोन कामं असतात. एक पाणी पिण्याचं, दुसरं जागा मोकळी ठेवण्याचं. काथ्याचा बारीक भुसा, म्हणजे कोकोपीट, पाणी भरपूर पितो पण ओला झाला की बसतो. लाकडाचा भुसाही तसाच. एकट्या भुशावर चालवलेली बादली दोन आठवड्यांत दाबल्यासारखी घट्ट होते आणि वरून कोरडी, आतून आंबट असा प्रकार होतो. मोकळी जागा ठेवायला काहीतरी ओबडधोबड लागतं. चुरलेली वाळकी पानं, बारीक काटक्या, फाडलेल्या पुठ्ठ्याचे वेडेवाकडे तुकडे. वर्तमानपत्राचे सपाट कागद मात्र थरावर थर पसरू नयेत, ते ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि हवेला आडवा पडदाच तयार होतो. मी दोन भाग पाला-पुठ्ठा आणि एक भाग कोकोपीट असं मिश्रण एका पोत्यात तयार ठेवते. कोकोपीटची वीट भिजवून फुगवलेली असेल तर आधी उन्हात किंवा पंख्याखाली वाळवायची. ओलंच टाकलं तर ते पाणी पिणार कुठून? लाकडाचा भुसा प्लायवूडचा किंवा रंग दिलेल्या लाकडाचा नको.

बादली म्हणाल तर वीस लिटरची साधी बादली पुरते. अंगावर चौफेर पाच-सहा मिलिमीटरची भोकं, चार बोटांच्या अंतराने, आणि त्यांना आतून बारीक जाळीचं कापड चिकटवलेलं. चिलट दोन-तीन मिलिमीटरचं असतं, त्यामुळे डासांच्या जाळीवर फार भिस्त ठेवू नये, तिची भोकं चिलटाला पुरतात. कापड एक मिलिमीटरपेक्षा बारीक विणीचं हवं. तळालाही भोकं, खाली दोन विटा किंवा जाळी, आणि त्याखाली ताटली. ताटलीत रोज पाणी साचत असेल तर ते खताचं अमृत वगैरे नाही, पाला कमी पडल्याची पावती आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात ते परत खाली पडतात, म्हणून मी झाकणाखाली बादलीच्या मापाचा पुठ्ठा ठेवते. तो ओलसर झाला की फाडून आतच टाकायचा, नवा ठेवायचा. पुठ्ठा रोजच्या रोज चिंब व्हायला लागला तर त्यावरूनही आतली स्थिती कळते.

रोजचं काम पाच मिनिटांचं आहे. कालचा वरचा थर खुरप्याने थोडा बाजूला सारायचा, आजचा कचरा दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून मधोमध टाकायचा, त्यात सुकं मिसळायचं, हलवायचं, आणि वरून पुन्हा दोन बोटं जाडीचा फक्त कोरडा थर पसरायचा. कचरा मिक्सरमधून काढून टाकू नये. लवकर कुजेल म्हणून लोक हे हौसेने करतात. कुजतो खरा लवकर, पण त्याआधी त्याचा लगदा होतो आणि लगद्यात हवेला वाट नसते. रोज ढवळत बसायचीही गरज नाही, आठवड्यातून दोनदा तळापर्यंत काटा घालून उसवलं की पुरे.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. दोघंही नोकरी करणारे, बाल्कनी नाही, बादली स्वयंपाकघराच्या ओट्याखाली. एका रविवारी तिचा फोन आला, "काकू, जरा वर येता का? आता झाकण उघडायची सोय राहिली नाही. हा म्हणतोय टाकून दे." मी म्हटलं, टाकू नकोस, जुने कागद काढून ठेव, आलेच.

बादलीला भोकं फक्त तळाला होती. झाकण उघडल्यावर आधी चिलटांचा झोत आला आणि मागून आंबट, व्हिनेगरसारखा वास. बादलीच्या आतल्या भिंतीवर, मालाच्या पातळीच्या वर, तांदळाच्या कणीएवढे तपकिरी दाणे चिकटलेले होते. ती म्हणाली, "हे बी आहे का कसलं?" बी नव्हतं, चिलटांचे कोष होते. अळी पोटभर खाल्ल्यावर कोष करायला ओल्यातून बाहेर पडून कोरड्या जागी चढते. त्यामुळे भिंतीवरचे कोष दिसले की समजायचं, आत किमान चार-पाच दिवस अळ्यांची चंगळ चाललेली आहे.

सगळा माल कागदावर पालथा घातला. वरचे दोन हिस्से नुसती फळांची सालं आणि ज्यूसरचा चोथा, मधे मधे कोकोपीटच्या रेघा. खालचा तिसरा हिस्सा काळा, चिकट, एकसंध. तिथे आंबट वास संपून सडक्या अंड्याचा सुरू होत होता. मी त्यातला मूठभर घेऊन आवळला तर बोटांमधून पाण्याची धार लागली. ही मुठीची परीक्षा सगळ्यांत भरवशाची: आवळल्यावर बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब चमकावा, मूठ उघडल्यावर गोळा राहावा आणि टिचकीने फुटावा. धार लागली तर पाणी जास्त. गोळाच होत नसेल तर कमी.

वजनकाट्यावर सहा किलो भरलं. ओलावा ऐंशी टक्के धरला तर साठवर आणायला जवळजवळ अडीच किलो सुकं लागणार होतं. तिच्याकडे कोकोपीटची अर्धी पिशवी होती. माझ्या पोत्यातला पाला खाली-वर करून आणला, त्यांच्याकडे आलेल्या पार्सलचे पुठ्ठे तिच्या नवऱ्याने फाडले, चिकटपट्ट्या काढून. अडीच किलो सुकं म्हणजे पंचवीस-तीस लिटरचा ढीग होतो, त्यामुळे एका बादलीच्या दोन झाल्या. तो म्हणाला, "काकू, कचरा कमी करायचा होता, हा तर वाढला." मी म्हटलं, महिनाभर थांब, मग बोलू.

काळा लगदा हाताने फोडून पाल्यात घोळवला, कुठेही गोळा राहू दिला नाही. गोळ्याच्या आत हवा जात नाही, बाहेरून कितीही पाला लागला तरी. ओंजळभर माझं जुनं खत विरजण म्हणून मिसळलं. दोन्ही बादल्यांना ड्रिलने भोकं पाडली, कापड लावलं, भिंतीवरचे कोष पुसून साबणाच्या पाण्यात टाकले. तिला चुना टाकायचा होता, मी अडवलं. चुन्याने आंबटपणा जातो, पण मालातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो, म्हणजे एक वास घालवून दुसरा आणल्यासारखं. कीटकनाशकाचा फवारा तर मुळीच नको, ज्यांच्याकडून काम करून घ्यायचंय त्या बारीक जिवांनाच तो भोवतो. आठवडाभर नवा कचरा टाकायचा नाही, झाकणाऐवजी कापड बांधायचं, एवढं सांगून मी खाली आले.

आंबट वास दोन-तीन दिवसांत गेला. त्यानंतर तिचा पुन्हा फोन, "काकू, आता नाकात झोंबतंय." हा अमोनिया. हवा मिळाली की जिवाणू आधी साचलेली आम्लं खाऊन टाकतात, आम्ल संपलं की मालाचा कल अल्कलीकडे झुकतो आणि जास्तीचा नत्र अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. आंबट वासाला उतार पडल्यावर हा टप्पा येऊ शकतो आणि तो सुधारणेचाच भाग असतो. तो रेंगाळला तर समजावं की कर्ब कमी पडलाय. आणखी पुठ्ठा, आणखी पाला. तिने दोन ओंजळी पुठ्ठ्याचे तुकडे मिसळले आणि काम झालं.

चिलटं मात्र वासासारखी दोन दिवसांत जात नाहीत, आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. पंचवीस अंश तापमानाला अंड्यापासून उडतं चिलट व्हायला दहाएक दिवस लागतात. म्हणजे आज अळ्यांचं खाणं बंद केलं तरी आधीच कोषात गेलेली पुढचे काही दिवस उडतच राहणार. ती संपेपर्यंत एका वाटीत थोडं व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून बादलीजवळ ठेवायचं. व्हिनेगरच्या वासाने येतात, साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि बुडतात. पण वाटी म्हणजे उडणारी पकडायचा मार्ग. एक मादी शेकडो अंडी घालते, त्यामुळे नुसत्या वाटीच्या जिवावर ही लढाई जिंकता येत नाही. जिंकून देतो तो वरचा कोरडा थर. मादीला अंडी घालायला ओलं, आंबणारं फळ लागतं. ती उतरली आणि पायाखाली दोन बोटं कोरडा पाला लागला की तिचं काम होत नाही.

शिवाय चिलटं येतात कुठून? बहुतेकदा बाहेरून उडत येत नाहीत, फळाच्या सालीवर अंडी बसून घरात येतात. केळ्याच्या सालीवर तर हमखास. म्हणून फळांची सालं आठवडाभर डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवायची आणि मग बादलीत टाकायची. गोठल्याने अंडी मरतात, आणि साल मऊ पडून लवकर कुजते हा वरचा फायदा. फक्त वितळल्यावर ती भसाभस पाणी सोडते, ते निथळून घ्यायचं. वरच्या मजल्यावर साधारण दोन आठवड्यांनी चिलटं दिसेनाशी झाली.

सगळेच किडे शत्रू नसतात, हेही तिला सांगावं लागलं, कारण चिलटं गेल्यावर तिला टाचणीच्या टोकाएवढे पांढरे जीव दिसायला लागले. ते कोळीवर्गातले बारीक जीव, कुजलेलंच खाणारे, बादली सोडून घरभर फिरत नाहीत. फार वाढले तर ओल किंचित जास्त आहे एवढाच अर्थ. मातीत होणाऱ्या काळ्या बारीक माश्या मात्र वरचा थर सतत ओला राहिला की होतात, त्यांच्यावर उपाय पुन्हा तोच. राखाडी, बोटाच्या पेरापर्यंत वाढणाऱ्या जाडजूड अळ्या दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. कचरा त्या झपाट्याने फस्त करतात, चावत नाहीत, रोगही पसरवत नाहीत. पण ओट्याखाली कुणाला त्या बघायच्या असतील असं मला वाटत नाही. त्या येतात ते ओलं, सकस आणि उघडं मिळालं म्हणून.

छोट्या बादलीची एक मर्यादा मान्य करायलाच हवी. ती तापत नाही. खताचा ढीग आतून साठ अंशांपर्यंत तापतो असं वाचलेलं असतं, आणि ते खरं आहे, पण त्याला साधारण एक घनमीटरचा ढीग लागतो. तेवढं आकारमान असलं तरच आत तयार होणारी उष्णता आतच टिकते. वीस लिटरची बादली चारी बाजूंनी गार होत राहते, फार तर हाताला कोमट लागते. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२०च्या दशकात इंदूरला जी पद्धत बसवली ती मोठमोठ्या खड्ड्यांची होती. तिच्यातलं थरांचं आणि हवेचं शहाणपण आपल्याला घेता येतं, उष्णता घेता येत नाही. त्याचे दोन परिणाम. टोमॅटोचं, भोपळ्याचं बी मरत नाही, खत घातलेल्या कुंडीत ते उगवून येतं. उपटून टाकायचं, बस. दुसरा परिणाम जरा गंभीर आहे. रोगजंतू मारण्याइतकं तापमान मिळत नाही, म्हणून मांस, मासे, दुधाचे पदार्थ आणि पाळीव प्राण्यांची विष्ठा या बादलीत टाकू नये. तेलकट शिजवलेलं अन्नही नको. तेल तुकड्यांवर पाण्यासारखाच हवाबंद पापुद्रा चढवतं आणि पाण्यासारखं उडूनही जात नाही. शिजवलेलं उरतंच असेल तर बोकाशीची वेगळी, हवाबंद पद्धत आहे. तिथे मुद्दाम हवेशिवाय आंबवतात आणि नंतर तो माल मातीत पुरावा लागतो. म्हणजे माती असलेली जागा हवीच.

दोघा-तिघांच्या घरात एक बादली अडीच-तीन आठवड्यांत भरते. पाला वापरता तेव्हा ती जरा लवकर भरते, पण खाली बसतेही वेगाने. म्हणून बादल्या तीन. पहिली भरली की बाजूला, दुसरी सुरू. तिसरी भरेपर्यंत पहिलीला पाच-सहा आठवडे विश्रांती मिळालेली असते. या काळात तिला विसरायचं नाही. आठवड्याला एकदा उसवायची, मूठ आवळून बघायची. मुरणाऱ्या बादलीचा धोका उलटा असतो, ती कोरडी पडते. कोरडी पडली की कुजणं थांबतं आणि माल वरकरणी तयार झाल्यासारखा भुसभुशीत दिसतो. पाणी शिंपडलं की मग त्याला पुन्हा वास येतो.

म्हणून तयार झालं की नाही हे दिसण्यावरून ठरवू नये. ओंजळभर खत जरा ओलसर करून बंद पिशवीत तीन-चार दिवस घरातच ठेवायचं. उघडल्यावर मातीचा वास आला तर झालं. आंबट किंवा झोंबणारा आला तर अजून तीन आठवडे. कच्चं खत कुंडीत घातलं तर ते तिथे कुजत बसतं, मुळांच्या वाट्याचा प्राणवायू आणि नत्र खातं, आणि काळ्या माश्या कुंडीतून उडायला लागतात. कुंडीतल्या मातीत पाव हिश्श्याहून जास्त खत घालायचं नाही, तयार असलं तरी.

तयार खत चाळलं की चाळणीवर काटक्या, पुठ्ठ्याचे न कुजलेले कोपरे आणि अंड्याच्या टरफलांचे तुकडे उरतात. ते फेकत नाही मी. पुढच्या बादलीच्या तळाला चार बोटं जाडीचा थर त्याचाच घालते. त्यात जिवाणू आधीच मुक्कामाला असतात, पाणी खाली उतरायला वाट मिळते, आणि नव्या बादलीला विरजण वेगळं लावावं लागत नाही. वरच्या मजल्यावर आता दोन बादल्या आहेत, आणि पार्सलचा पुठ्ठा हल्ली तिचा नवराच फाडतो. परवा विचारत होता, माझ्या पोत्यातला पाला उरला असेल तर थोडा देता का म्हणून.